यादी आणि उत्तर : स्त्रीशिक्षणाच्या प्रश्नाला गुण कसे द्यावेत

"एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षण व समाजसुधारणेच्या चळवळीची माहिती लिहा." हा प्रश्न आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी सोडवलेला असेल. आठवीच्या इतिहासात हा भाग येतो, बारावीत पुन्हा येतो. त्याचे उत्तर अनेक माजी विद्यार्थ्यांना आजही तोंडपाठ असल्याचे आम्ही पाहिले आहे. १८४८ भिडेवाडा, १८७३ सत्यशोधक समाज, १८८२ आर्य महिला समाज, १८८४ हुजूरपागा, १८८९ शारदा सदन, १८९६ अनाथ बालिकाश्रम. मण्यांची माळ ओढावी तशी ही नावे आणि साले ओढत न्यायची, प्रत्येक मण्याला एक गुण मिळवायचा आणि "अशा प्रकारे" असे लिहून उत्तर संपवायचे.

आम्ही प्रभादेवी येथील एका शाळेत इतिहास शिकवतो, आणि या निवासी शाळेच्या सराव परीक्षांच्या इतिहासाच्या उत्तरपत्रिका गेली काही वर्षे तपासण्यासाठी आमच्याकडे येतात. पालकसभेत एक तक्रार हमखास होते, आणि ती रास्त आहे. "सर, मुलीने सगळी नावे बरोबर लिहिली, एकही साल चुकले नाही, मग आठपैकी तीनच गुण का?" ज्या घरात शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या घराला पाठांतर ही एकमेव खात्रीची गोष्ट वाटते. रात्री कंदिलाखाली पाठ केलेले कोणी काढून घेऊ शकत नाही, असा तो विश्वास असतो. त्या विश्वासाला धक्का द्यायचा असेल, तर गुण कशाला दिले आणि कशाला दिले नाहीत याचा हिशेब पालकांपुढे मांडणे आमचे कर्तव्य ठरते. तो हिशेब येथे मांडतो.

प्रथम, यादी काय झाकते ते पाहू. वरील माळेत भिडेवाडा आणि हुजूरपागा शेजारी शेजारी येतात. जणू एका सुधारकाने हातातील दिवा दुसऱ्याच्या हाती दिला. वस्तुतः या दोन शाळांत छत्तीस वर्षांचे आणि त्याहून अधिक विचारांचे अंतर आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या शैक्षणिक कार्याचा रोख स्त्रिया आणि शूद्रातिशूद्र या दोघांकडे एकाच वेळी होता. मुलींच्या शाळांपाठोपाठ महार-मांग मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या, त्या याच विचाराने. १८८४ साली पुण्यात निघालेली मुलींची माध्यमिक शाळा न्यायमूर्ती रानडे यांच्या वर्तुळातील प्रतिष्ठितांच्या पुढाकाराने निघाली, आणि तिचा पाया प्रामुख्याने शहरी सुशिक्षित घरांतील मुलींचा होता. तरीही तिला कडवा विरोध झाला. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी तिच्या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलींना मुलांसारखे इंग्रजी शिक्षण कशाला, असा त्या टीकेचा सूर होता. आता गंमत पाहा. यादी पाठ केलेल्या मुलाच्या उत्तरात टिळकांचे नाव येत नाही, कारण त्याच्या वहीत टिळक पुढच्या प्रकरणात, राष्ट्रीय चळवळीत आहेत. विरोध करणारा माणूस यादीत बसत नाही, म्हणून विरोधच उत्तरातून नाहीसा होतो. मग सुधारकांनी नेमके कशाला तोंड दिले, हे मुलाला सांगता येत नाही.

यादीतून नाहीशी होणारी दुसरी व्यक्ती म्हणजे शिकणारी मुलगी. शाळा काढणाऱ्याचे नाव असते, शाळेचे साल असते, पण शाळेत बसलेली मुलगी कोण होती आणि शिकून तिने काय केले, हे मात्र नसते. आपल्या शाळेच्या स्मरणिकेत याची खंत वेगळी सांगावयास नको.

यावर पहिला उपाय गुण देण्याच्या वहीत नाही, तो प्रश्नपत्रिकेत आहे. "माहिती लिहा" असे विचारले की यादी येणारच. ज्या मुलाने विचारलेले दिले, त्याचे गुण कापणे अन्यायाचे ठरेल. म्हणून आम्ही एक साधी युक्ती करतो : साले आणि नावे प्रश्नातच देऊन टाकतो. जे प्रश्नात छापले आहे, ते उत्तरात पुन्हा लिहून कोणालाही गुण मिळत नाहीत. मग मुलाला दुसरे काहीतरी करावे लागते.

यासाठी १८८२ हे वर्ष आम्हांला फार सोयीचे वाटते. त्या एका वर्षी महाराष्ट्रात तीन गोष्टी घडल्या. विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी ऑक्टोबरमध्ये लेखी निवेदन सादर केले. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली, आणि त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. तिघांचे समकालीन समाजाकडे पाहणे एकसारखे नव्हते. प्रश्न असा येतो :

"१८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले, पंडिता रमाबाईंनी त्याच आयोगापुढे साक्ष दिली, आणि ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध झाले. या तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या मते स्त्रियांच्या मागासलेपणाचे मूळ नेमके कोठे होते? दोघांच्या म्हणण्यात फरक काय? तुम्हांला कोणाचे म्हणणे अधिक पटते, ते कारण देऊन लिहा. (८ गुण)"

येथे एक काळजी घ्यावी लागते. प्रत्येकाचा युक्तिवाद प्रश्नपत्रिकेत छापून दिला, तर मुले तोच उतरवून काढतात. वर्गात मात्र तो आधी वाचून झालेला असला पाहिजे, नाहीतर प्रश्न केवळ हुशार घरांतील मुलांसाठी उरतो. म्हणून परीक्षेपूर्वी तीन तास आम्ही याच तीन मजकुरांवर घालवतो. जोतीरावांचे म्हणणे थोडक्यात असे. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या श्रमातून येतो, पण खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा समज खोटा ठरला आहे. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, आणि त्यासाठी शेतकरी वर्गातून आलेले, मुलांमध्ये मिसळणारे शिक्षक तयार करावेत. रमाबाईंचे बोट दुसरीकडे होते. मुलींना शिकवायला स्त्री-शिक्षक नाहीत, शाळांची तपासणी करायला स्त्री-निरीक्षक नाहीत, आजारी स्त्रीला तपासायला स्त्री-डॉक्टर नाहीत, आणि देशातील बहुसंख्य शिकलेले पुरुषच स्त्रीशिक्षणाच्या विरोधात आहेत. ताराबाईंचा रोख तर शाळेकडे नव्हताच. सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येच्या आरोपाखाली शिक्षा झाली, त्यावर स्त्रियांच्या नीतीविषयी जे लिहिले गेले, त्याला त्यांनी उत्तर दिले. जे दोष स्त्रीच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत किती आहेत, हे त्यांनी एकेक करून तपासले. म्हणजे त्यांच्या दृष्टीने मूळ अडचण न्याय करणाऱ्याच्या नजरेत होती. ताराबाईंची निवड करणाऱ्या मुलाने "त्यांनी स्त्रीशिक्षणाचा प्रसार केला" असे लिहिले, तर त्याने पुस्तकाविषयी ऐकले आहे पण पुस्तक काय म्हणते ते ऐकलेले नाही, हे एका ओळीतच कळते.

आता गुणदानाकडे वळू. जुन्या पद्धतीत प्रत्येक अचूक मुद्द्याला एक गुण असे. आम्ही त्याऐवजी तीन पायऱ्या ठरवतो. खालच्या पायरीवर एक ते तीन गुण : काळाविषयीची माहिती बरोबर आहे, पण ती प्रश्नाला जोडलेली नाही. मधल्या पायरीवर चार ते पाच : निवडलेल्या व्यक्तींपैकी एकाचे किंवा दोघांचे म्हणणे खरोखर सांगितले आहे, पण ते नुसते शेजारी शेजारी ठेवले आहे. वरच्या पायरीवर सहा ते आठ : दोघांच्या म्हणण्यातील फरक सांगितला आहे, तो का पडला याचे कारण त्यांच्या कामातून किंवा परिस्थितीतून दिले आहे, आणि आपले मत पुराव्याच्या आधारावर टेकवले आहे. परीक्षकाने आधी पायरी ठरवायची आणि मग त्या पायरीच्या आतला आकडा ठरवायचा. उलट केले, म्हणजे आधी मुद्दे मोजले, की मन पुन्हा यादीकडे घसरते.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते दिसावे म्हणून आम्ही नमुन्यादाखल दोन उत्तरे तयार केली आहेत. ती कोणा एका विद्यार्थ्याची नाहीत, पण अशी उत्तरे दरवर्षी येतात.

पहिले उत्तर : "महात्मा जोतीराव फुले हे थोर समाजसुधारक होते. त्यांचा जन्म १८२७ साली झाला. १८४८ साली त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची पहिली शाळा काढली. सावित्रीबाई फुले या पहिल्या शिक्षिका होत्या. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. 'गुलामगिरी', 'शेतकऱ्याचा असूड' हे ग्रंथ लिहिले. हंटर आयोगाला निवेदन दिले. पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज, शारदा सदन व मुक्ती सदन यांची स्थापना केली. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. अशा प्रकारे समाजसुधारकांनी स्त्रियांना अंधारातून प्रकाशाकडे नेले."

दुसरे उत्तर : "फुले म्हणतात सरकारचा पैसा शेतकऱ्याच्या साऱ्यातून येतो पण जातो वरच्या लोकांच्या मुलांच्या कॉलेजवर. म्हणून अडचण पैसा कुठं जातो ही आहे. बारा वर्षापर्यंत सक्तीची शाळा करा म्हणतात. रमाबाईंना अडचण वेगळी दिसली. शाळा असली तरी मुलीला शिकवायला बाई नाही. शिकलेले पुरुषच नको म्हणतात. रमाबाई स्वतः विधवा होत्या म्हणून त्यांना घरातलं माहीत होतं. फुल्यांची अडचण घराच्या बाहेर आहे आणि रमाबाईंची घराच्या आत. मला फुल्यांचं पटतं कारण शाळाच नसेल तर बाई शिक्षिका कुठं शिकवणार. पण सक्तीची शाळा केली तरी विधवेला घरचे सोडतील का ते फुल्यांच्या निवेदनावरून कळत नाही."

जुन्या मोजणीने पहिल्या उत्तराला आठपैकी आठ मिळतात, कारण त्यात मोजण्याजोगे मुद्दे आठाहून अधिक आहेत. दुसऱ्याला तीन किंवा चार. भाषा बोलीतील, वाक्ये आखूड, सन एकही नाही. आमच्या पायऱ्यांवर पहिल्या उत्तराला तीन गुण पडतात. त्यातील माहिती खरी आहे, म्हणून शून्य देता येत नाही, पण दोघांपैकी कोणाचेही म्हणणे त्यात नाही. हंटर आयोगाचा उल्लेख प्रश्नातून परत आला आहे. कर्वे यांचे १९१६ चे विद्यापीठ तर विचारलेल्या शतकाच्या बाहेरचे आहे. प्रश्न न वाचता उत्तर लिहिले गेल्याची ती सर्वांत ठळक खूण होय.

त्यातील "पहिली शाळा" या शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो. अमेरिकन मिशनने मुंबईत १८२४ साली मुलींची शाळा काढली होती. म्हणून "पहिली" या शब्दाला आम्ही गुण देत नाही. मात्र कोणी लिहिले की भिडेवाड्याची शाळा या मातीतल्या एका दांपत्याने काढली, आणि शिकवणारी स्त्री स्वतः आताच शिकलेली होती, तर त्या वाक्याला गुण मिळतात. "पहिली" हा शब्द पाठ करता येतो, पण ती शाळा वेगळी का होती हे समजल्याखेरीज लिहिता येत नाही.

दुसऱ्या उत्तराला आम्ही सात देतो. दोघांचे म्हणणे बरोबर आहे. फरक मुलाने स्वतःच्या शब्दांत पकडला आहे. रमाबाईंची नजर तशी का होती, याचे कारण त्यांच्या आयुष्यातून दिले आहे. आणि शेवटचे वाक्य तर इतिहासकाराचे आहे : ज्याचे म्हणणे पटते, त्याच्या मजकुरातून काय कळत नाही, हेही त्याने सांगितले. आठवा गुण राखून ठेवला, कारण विधवांच्या प्रश्नात जोतीराव-सावित्रीबाईंनी निवेदनाबाहेर प्रत्यक्ष काम केले होते. बालहत्या प्रतिबंधक गृह त्यांनीच चालवले होते. ते मुलाने जोडले असते, तर शंका अधिक नेमकी झाली असती. येथे लक्षात येईल की माहितीला आम्ही कमी लेखत नाही. हाच मुद्दा पहिल्या उत्तरात आला असता तर यादीतील आणखी एक मणी ठरला असता, दुसऱ्यात आला असता तर त्याने आठवा गुण मिळवला असता.

चुकलेल्या सालांचे काय, असे शिक्षक विचारतात. नियम असा ठेवला आहे : साल चुकले आणि युक्तिवाद त्यावर उभा नसेल, तर गुण कापायचे नाहीत. सत्यशोधक समाजाचे साल १८७५ लिहिले म्हणून वरच्या पायरीचे उत्तर खाली येत नाही. पण एखाद्याने लिहिले की रमाबाईंनी आयोगापुढे शारदा सदनाच्या अनुभवावरून साक्ष दिली, तर त्याचे कारणच कोसळते, कारण शारदा सदन मुंबईत १८८९ साली निघाले. असे उत्तर एक पायरी खाली येते.

या पद्धतीत तीन ठिकाणी घात होतो. पहिला घात भाषेचा. घरात पुस्तके असलेल्या मुलाचे वाक्य गुळगुळीत असते आणि परीक्षकाला वाटते की विचारही गुळगुळीत आहे. "स्त्रियांना अंधारातून प्रकाशाकडे नेले" हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते कोणत्याही सुधारकाला आणि कोणत्याही शतकाला चालते. आम्ही परीक्षकांना सांगतो : असे वाक्य पेन्सिलीने कंसात टाका आणि ते नसते तर उत्तरात काय उरले असते ते पाहा. "कुठं", "पटतं" अशा बोलीतील रूपांसाठी इतिहासात गुण कापत नाही. शुद्धलेखनाचे गुण मराठीच्या उत्तरपत्रिकेत मोजले जातात, तेवढे पुरे.

दुसरा घात आपल्या बाजूचा आहे, आणि तो स्पष्ट बोललेला बरा. आपल्या शाळेच्या भिंतींवर ज्यांच्या तसबिरी आहेत, त्यांच्याविषयी लिहिताना मुले गुणगान करतात, आणि परीक्षकाचाही हात सैल सुटतो. "क्रांतिसूर्य", "क्रांतिज्योती" ही विशेषणे आम्हांलाही प्रिय आहेत. परंतु विशेषणाला गुण दिला की ती आपली स्वतःची यादी होते. एखाद्या मुलीने कारणे देऊन लिहिले की रमाबाईंचा उपाय अधिक व्यवहार्य होता, कारण स्त्री-शिक्षक तयार केल्याशिवाय सक्तीची शाळा मुलींना बाहेरच ठेवील, तर तिला जोतीरावांच्या बाजूने लिहिणाऱ्याइतकेच गुण मिळाले पाहिजेत. जोतीरावांच्या निवेदनातील मुख्य बळ हेच होते की त्यांनी सरकारी दावा आकड्यांवर आणि अनुभवावर तपासून पाहिला. त्यांच्या नावाने लिहिलेले उत्तर न तपासता सोडून देणे त्यांनाही रुचले नसते, असे आम्हांला वाटते.

तिसरा घात सर्वांत चिवट. चांगले उत्तर एकदा वर्गात वाचून दाखवले की तेच पुढच्या वर्षीचे पाठांतर होते. "फुल्यांची अडचण घराबाहेर आणि रमाबाईंची घराच्या आत" हे वाक्य आता गाइडात गेल्यासारखे अनेक उत्तरपत्रिकांत एकाच शब्दांत येते. त्याला वरच्या पायरीचे गुण द्यायचे का? ओळखण्याची खूण अशी की वाक्य सुरेख असते, पण त्याच्या मागच्या-पुढच्या वाक्यांशी त्याचा सांधा जुळत नाही, आणि पुढच्या ओळीत मुलगा पुन्हा यादीवर येतो. अशा वेळी वाक्याला नव्हे, संपूर्ण उत्तराला पायरी द्यायची. पण खरा उपाय म्हणजे जोडी बदलणे.

त्यासाठी आम्ही अलीकडे आपल्याच भागातला एक प्रसंग प्रश्नात आणतो. प्रभादेवी, परळ, लालबाग हा गिरण्यांचा मुलूख. येथील पालकांच्या आजोबांनी साचे चालवले आहेत. 'दीनबंधु'चे संपादक आणि सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, हे पुस्तकात असते. १८९० साली त्यांनीच मुंबईतील नाभिक बांधवांना विधवांच्या केशवपनास नकार देण्यासाठी संघटित केले, हे मात्र यादीत क्वचितच सापडते. प्रश्न असा : "विधवांचे केशवपन थांबवण्यासाठी लोखंडे यांनी ब्राह्मण घरांतील कर्त्या पुरुषांऐवजी नाभिकांना का संघटित केले असावे? या मार्गाचे एक बळ व एक मर्यादा लिहा." याचे तयार उत्तर कोठेही नाही. ज्या मुलाला घरात संपाची गोष्ट ऐकायला मिळाली आहे, तो लिहितो की वस्तरा ज्याच्या हातात आहे त्याने हात मागे घेतला की प्रथा अडते, मालकाचे मन वळण्याची वाट पाहावी लागत नाही. मर्यादा म्हणून लिहितो की केस राहिले, पण त्या बाईला शाळा, पैसा किंवा पुनर्विवाह त्याने मिळत नाही. तेथे साल एकही नसते आणि उत्तर वरच्या पायरीवर असते. गिरणीतल्या घराचे शहाणपण इतिहासाच्या उत्तरात पुरावा म्हणून येते, ही गोष्ट यादीने कधीच होऊ दिली नव्हती.

आठवीच्या मुलांना इतके जमत नाही. त्यांच्यासाठी मुक्ता साळवे हिचा निबंध पुरेसा आहे. फुल्यांच्या शाळेतील मांग समाजातील या विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या मिशनरी नियतकालिकात छापला गेला. ज्या ग्रंथांना आम्ही हात लावायचा नाही तो धर्म आमचा कसा, असा प्रश्न तिने त्यात विचारला, आणि अंगावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल सांगितले. वर्गात निबंधाचा भाग वाचायचा आणि चार गुणांसाठी विचारायचे : "फुल्यांच्या शाळेविषयी हा निबंध आपल्याला काय सांगतो, आणि काय सांगू शकत नाही?" पाठांतराचे उत्तर येते ते "मुक्ता साळवे या पहिल्या दलित लेखिका होत". एक गुण. जी मुलगी लिहिते की त्या शाळेत केवळ अक्षरे शिकवत नसावेत, प्रश्न विचारायलाही शिकवत असावेत, तिला तीन. आणि जी पुढे लिहिते की एका हुशार मुलीच्या निबंधावरून बाकीच्या मुली काय शिकल्या ते कळत नाही, किंवा तो मिशनऱ्यांच्या पत्रात का छापला गेला याचाही विचार करावा, तिला चार.

परीक्षकांमधील तफावत ही या पद्धतीची खरी किंमत आहे. मुद्दे मोजणारे दोन परीक्षक क्वचितच वेगळे आकडे देतात. पायरी ठरवणारे देतात. म्हणून आम्ही आधी पाच उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासतो, पहिल्याचे गुण दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून ते वेगळ्या कागदावर लिहितो. दोन किंवा अधिक गुणांचा फरक पडला, तर आकड्यावर भांडत नाही, पायरीवर बोलतो : तुम्हांला यात फरक सांगितलेला कोठे दिसला, ते वाक्य दाखवा. वाक्य दाखवता आले की वाद मिटतो. नंतर संपूर्ण गठ्ठा प्रश्नवार तपासतो, म्हणजे आधी सर्वांचा हा एकच प्रश्न, मग पुढचा. एकाच मुलाच्या सुंदर पहिल्या उत्तराची सावली दुसऱ्यावर पडत नाही. एका उत्तराला चार मिनिटे लागतात, यादी मोजायला दीड मिनिट पुरे होते. चाळीस उत्तरपत्रिकांचा एक प्रश्न म्हणजे अडीच तासांहून अधिक. हा वेळ आम्हांला रविवारी काढावा लागतो, आणि शाळा त्याची तजवीज करील तर बरे.

हेही सांगितले पाहिजे की बाहेरच्या परीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्न असतात, तेथे सालच लागते. म्हणून यादी पाठ करू नका, असे आम्ही मुलांना सांगत नाही. सराव परीक्षेत दहा गुणांचा वेगळा भाग केवळ नावे आणि साले यांसाठी ठेवतो, आणि तो तेथेच संपवतो. मग आठ गुणांच्या प्रश्नात तीच यादी दुसऱ्यांदा विकता येत नाही.

ज्या पालकांना घरी हा प्रश्न मुलांकडून सोडवून घ्यायचा असेल, त्यांच्यासाठी एक सोय सांगतो. मुलांच्या क्रमिक पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर प्रकाशकाचा पत्ता असतो : पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, प्रभादेवी, मुंबई. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे कार्यालय आहे, आणि याच मंडळाने महात्मा फुले व सावित्रीबाई फुले यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले आहे. हंटर आयोगापुढील निवेदन त्यात वाचायला मिळते. मुलाने उत्तर लिहिल्यावर त्याला एवढेच विचारावे : हे वाक्य तू कोठून काढलेस? निवेदनातील जागा दाखवता आली, तर उत्तर कितीही आखूड असो, ते आमच्याकडे पाठवावे. पुढील सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका वर्गात परत दिल्या जातील त्या दिवशी पालकांनीही यावे. प्रत्येक उत्तराच्या समासात पायरी आणि ती ज्या वाक्यामुळे ठरली ते वाक्य अधोरेखित केलेले असेल, आणि ज्यांना ते पटणार नाही त्यांच्याशी तेथेच, त्या वाक्यावर बोट ठेवून, बोलता येईल.